जुन्या बिलावरचं व्याज सोडताना पत्रात काय लिहावं

इमारती साहित्याच्या दुकानात व्याज सोडण्याचा निर्णय बहुतेक वेळा काउंटरवर, उभ्या उभ्या होतो. ठेकेदार म्हणतो, "शेठ, मुद्दल देतो, व्याजाचं तेवढं सोडा." शेठ म्हणतो, "बरं, पण लवकर द्या." चहा होतो आणि विषय मिटतो. भांडण उभं राहतं ते सहा महिन्यांनी. व्याज सोडलं होतं एवढंच ठेकेदाराच्या लक्षात असतं, "लवकर द्या" एवढंच शेठच्या लक्षात असतं, आणि मुद्दल नेमकं किती यावर दोघांच्या वह्यांत दोन आकडे निघतात.

म्हणून हे पत्र लिहायचं. वरून ते व्याज सोडण्याचं पत्र दिसतं, पण दुकानदाराच्या दृष्टीनं ते मुद्दल पक्कं करण्याचं पत्र असतं. व्याज हे अजून हातात न आलेलं, वादात सापडू शकणारं येणं आहे. ते सोडून त्या बदल्यात बाकीचा आकडा, हप्त्यांच्या तारखा आणि ग्राहकाची सही या तीन गोष्टी कागदावर मिळत असतील तर सौदा वाईट नाही. त्या मिळत नसतील तर ते पत्र म्हणजे नुसती सूट.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. सळया आणि बांधणीची तार यांचं बिल २० जून २०२४ चं. मालाची किंमत १,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५,२००, एकूण १,६५,२००. उधारी ३० दिवसांची, म्हणजे पैसे २० जुलै २०२४ पर्यंत यायला हवे होते. त्यानंतर द.सा.द.शे. १८ टक्के सरळव्याज. ठेकेदारानं २० ऑगस्ट २०२४ ला ४५,२०० रुपये दिले आणि पुढे सरकारी कामाचं बिल अडकलं म्हणून गाडी थांबली. आता २० फेब्रुवारी २०२६ आहे.

आधी व्याजाचा आकडा काढा, मग सोडा

किती सोडतोय हे माहीत नसताना सोडू नये. २० जुलै ते २० ऑगस्ट २०२४ हे ३१ दिवस पूर्ण १,६५,२०० वर व्याज चढलं. वर्षाचं व्याज २९,७३६, त्याला ३६५ नं भागून ३१ नं गुणलं की २,५२६ रुपये. तिथून पुढे बाकी १,२०,००० राहिली. तिचं वर्षाचं व्याज २१,६००, आणि २० ऑगस्ट २०२४ ते २० फेब्रुवारी २०२६ हे ५४९ दिवस, म्हणजे ३२,४८९ रुपये. पैसे-आणे धरून बेरीज ३५,०१४.

या हिशेबात एक गोष्ट गुपचूप ठरून गेली आहे: आलेले ४५,२०० आपण सगळेच मुद्दलात वळते केले. कायद्याचा सर्वसाधारण नियम तसा नाही. वेगळं काही ठरलं नसेल तर आलेली रक्कम आधी व्याजात आणि उरलेली मुद्दलात जाते. त्या रीतीनं २० ऑगस्टला आधी २,५२६ व्याजापोटी गेले असते आणि मुद्दल १,२२,५२६ उरलं असतं. म्हणजे ठेकेदार १,२०,००० म्हणतो आणि मुनीमजी १,२२,५२६ म्हणतात, तेव्हा दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो. पत्रात "दि. २० ऑगस्ट २०२४ रोजी मिळालेले रु. ४५,२०० पूर्णपणे मुद्दलात जमा धरले आहेत" हे वाक्य नसेल, तर व्याज सोडूनही अडीच हजारांचा वाद शिल्लक राहतो.

हे ३५,०१४ कोर्टात पूर्ण मिळालेच असते असंही समजू नये. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली व्याजाची ओळ ही दुकानदाराची एकतर्फी ओळ आहे. ग्राहकानं ती मान्य केली होती हे दाखवायला काहीतरी लागतं: ऑर्डरवरची सही, अटी छापलेल्या चलनावरची सही, किंवा मागच्या एखाद्या बिलावर त्यानं असंच व्याज भरल्याची नोंद. तसं काही नसेल तर माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ६१ प्रमाणे कोर्टाला योग्य वाटेल त्या दरानं व्याज मिळू शकतं, आणि तो दर १८ टक्केच असेल याची खात्री नाही. खात्रीचं आहे ते मुद्दल. पत्राचा सगळा जोर तिथेच हवा.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. "आमची उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं," असं बरेच दुकानदार सांगतात. ती तरतूद २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यातली आहे आणि ती माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. सळया विकत आणून विकणाऱ्यानं पत्रात त्या व्याजाचा धाक घातला, तर ठेकेदाराचा सीए पहिल्या फटक्यात तो खोडून काढेल आणि उरलेल्या पत्राचं वजनही जाईल.

पत्र

खालचा नमुना याच उदाहरणाचा आहे. नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

दि. २० फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्री. ………… , प्रोप्रायटर, …………

विषय : बिल क्र. ४१७, दि. २० जून २०२४ ची बाकी व त्यावरील व्याज

स.न.वि.वि.

आपण बऱ्याच वर्षांपासून आमच्याकडून माल घेत आहात आणि आजवरचा व्यवहार चोख आहे. वरील बिलाबाबत आपले बोलणे झाले, त्याप्रमाणे हे पत्र देत आहे.

सदर बिल रु. १,६५,२०० चे असून त्यापैकी रु. ४५,२०० दि. २० ऑगस्ट २०२४ रोजी मिळाले. ही रक्कम पूर्णपणे मुद्दलात जमा धरली आहे. आज रोजी मुद्दलाची बाकी रु. १,२०,००० (अक्षरी रुपये एक लाख वीस हजार फक्त) आहे. ठरलेल्या दराने आजपर्यंतचे व्याज रु. ३५,०१४ होते.

ही बाकी आपण प्रत्येकी रु. ४०,००० च्या तीन हप्त्यांत, दि. १० मार्च, १० एप्रिल व १० मे २०२६ रोजी किंवा त्यापूर्वी, आमच्या बँक खात्यात जमा करावी. तिन्ही हप्ते वेळेत जमा झाल्यावर सदर बिलावरील आजपर्यंतचे व आजपासून शेवटच्या हप्त्यापर्यंतचे सर्व व्याज सोडलेले समजावे.

एखादा हप्ता ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांतही जमा न झाल्यास, त्या दिवशी जे मुद्दल बाकी असेल तेवढ्यावर दि. २० जुलै २०२४ पासून पूर्वीच्या दराने व्याज लागू राहील. तोवर भरलेल्या हप्त्यांवर व्याज मागितले जाणार नाही.

ही सवलत फक्त वरील बिलापुरती आहे. यापुढील खरेदीचा हिशेब स्वतंत्र राहील.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर बाकी मान्य असल्याची सही करून ती परत द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(सही, दुकानाचा शिक्का)

पोच : बिल क्र. ४१७ पोटी आज रोजी रु. १,२०,००० देणे आहे हे मला मान्य आहे. वरील हप्ते व अटी मान्य आहेत.
(ग्राहकाची सही, नाव, शिक्का, तारीख)

"सोडलेले समजावे" कधीपासून?

सगळ्यात जपून लिहायचं वाक्य हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे येणेकरी आपलं येणं पूर्ण किंवा थोडं सोडून देऊ शकतो, आणि त्यासाठी बदल्यात काही मिळायलाच हवं असंही नाही. म्हणजे "आपले व्याज माफ करत आहोत, कृपया मुद्दल लवकर द्यावे" असं लिहून सही केली की व्याज त्याच दिवशी गेलं. पुढे ठेकेदारानं एक रुपयाही दिला नाही तरी ते परत मागता येणं अवघड. "कृपया" ही विनंती आहे, अट नाही.

म्हणून नमुन्यात क्रम उलटा आहे: आधी हप्ते, मग "तिन्ही हप्ते वेळेत जमा झाल्यावर". पैसे आले की व्याज सुटतं, तोवर ते वहीत उभं असतं.

हप्ता चुकला तर काय, हे ठरवताना बहुतेक दुकानदार "सर्व व्याज पुन्हा लागू होईल" असं ठोकून देतात. ते लिहायला सोपं आणि वापरायला अवघड आहे. समजा ठेकेदारानं मार्च आणि एप्रिलचे हप्ते वेळेवर दिले आणि मेचा राहिला. त्यासाठी त्याच्याकडून पस्तीस हजारांहून जास्त व्याज मागणारा शेठ सहसा सापडत नाही, आणि न वापरलेली अट पुढच्या वेळी कुणी गंभीरपणे घेत नाही. नमुन्यातली अट त्यापेक्षा नेमकी आहे. तेव्हा उरलेलं मुद्दल ४०,०००. त्यावर २० जुलै २०२४ पासून १० मे २०२६ पर्यंत ६५९ दिवसांचं व्याज होतं सुमारे १३,००० रुपये. हा आकडा मागता येण्यासारखा आहे आणि ठेकेदाराला झोंबण्याइतका मोठाही आहे. शिवाय प्रत्येक हप्ता भरला की त्याच्या डोक्यावरचा धोका कमी होत जातो, त्यामुळे दुसरा हप्ता भरायला त्याला कारण राहतं. "सर्व व्याज पुन्हा" या अटीत ते कारण उरत नाही. एकदा चुकलं की सगळंच गेलं, मग कशाला घाई.

सात दिवसांची सवड ठेवली आहे ती शनिवार-रविवार, बँकेची सुट्टी आणि चेक वटायचा वेळ धरून. त्याहून जास्त सवड दिली तर तीच खरी तारीख होऊन बसते.

ग्राहकाची सही का हवी

दुकानदारानं आपल्या लेटरहेडवर कितीही वेळा "तुमची बाकी १,२०,००० आहे" लिहिलं तरी मुदतीच्या कायद्यात त्याचा उपयोग नाही. उधार मालाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती मुदत संपल्यापासून, ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून. आपल्या उदाहरणात ३० दिवसांची उधारी कागदावर असल्यानं घड्याळ २० जुलै २०२४ ला सुरू झालं आणि जुलै २०२७ मध्ये थांबेल.

हे घड्याळ पुन्हा शून्यावर आणता येतं ते देणेकऱ्याच्या सहीनं. मुदत कायदा, १९६३ चं कलम १८ सांगतं की मुदत संपण्याच्या आत देणेकऱ्यानं देणं लेखी आणि सही करून कबूल केलं, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. पोचवर २० फेब्रुवारी २०२६ ची सही आली की दुकानदाराला फेब्रुवारी २०२९ पर्यंत वेळ मिळतो. ३५,००० च्या व्याजापेक्षा ही सही जास्त मोलाची आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पत्र हातात द्यायचं आणि सही तिथेच घ्यायची, "नंतर पाठवून देतो" यावर सोडायचं नाही.

दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे मुदत संपलेली नाही ना. तीन वर्षं उलटून गेल्यावर केलेली नुसती कबुली कलम १८ मध्ये बसत नाही. तेव्हा करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे "ही रक्कम मी देईन" असं स्पष्ट लेखी वचन आणि सही लागते. दुसरी, सही कुणाची. बिल फर्मच्या नावानं असेल आणि सही साइटवरच्या सुपरवायझरची असेल तर ती माल पोचल्याची सही म्हणून ठीक, देणं कबूल केल्याची म्हणून नाही, जोवर त्याला तसा अधिकार दिलेला नाही. प्रोप्रायटरनं स्वतः किंवा भागीदारी फर्म असेल तर भागीदारानं सही करावी, आणि नाव बिलावर आहे तसंच लिहावं.

व्हॉट्सॲपवर "ओके शेठ" आलं तर ते जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कागदावरच्या सहीला दोन मिनिटं लागतात.

जीएसटीचं काय होतं

इथे हिशेबनीस हमखास गोंधळतात, आणि चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. व्याज सोडलं म्हणून ते मूळ बिलावर क्रेडिट नोट काढतात. मालाची किंमत कमी झालेली नाही. १,४०,००० च्या सळया १,४०,००० च्याच राहिल्या आणि त्यावरचे २५,२०० रुपये कर म्हणून बरोबरच होते. व्याज ही वरची रक्कम होती, ती आलीच नाही. म्हणून मूळ बिलाला हात लावायचं कारण नाही.

उशिराच्या व्याजावर जीएसटी असतो हे मात्र खरं. सीजीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पैसे उशिरा दिल्याबद्दल घेतलेलं व्याज किंवा दंड मालाच्या किमतीतच धरतात आणि मालाला जो दर तोच त्याला लागतो. ३५,०१४ घेतले असते तर त्यावर १८ टक्क्यांनी ६,३०३ रुपये कर बसला असता. पण हा कर केव्हा देय होतो? कलम १२(६) प्रमाणे, व्याज प्रत्यक्ष हातात येतं त्या दिवशी. आलंच नाही तर करही नाही. म्हणजे ज्यानं व्याजाची डेबिट नोट काढलीच नव्हती, नुसता आकडा कच्च्या वहीत किंवा टॅलीच्या व्याजाच्या रिपोर्टमध्ये पाहिला होता, त्याला जीएसटीच्या बाजूनं काहीही करायचं नाही. टॅलीचा तो रिपोर्ट व्याज मोजून दाखवतो; व्हाउचर केल्याशिवाय ते खात्यात पडत नाही.

ज्यानं उत्साहात व्याजाची डेबिट नोट काढून रिटर्नमध्ये दाखवली आणि कर भरून टाकला, त्याचं काम वाढतं. त्याला त्या डेबिट नोटपुरती क्रेडिट नोट काढावी लागेल, आणि ग्राहकानं त्या कराचं क्रेडिट घेतलं असेल तर त्यानं ते परत करायला हवं. क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायला मुदत आहे: व्यवहार ज्या आर्थिक वर्षातला, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. ती टळली तर हिशेबापुरती, जीएसटीविना क्रेडिट नोट काढता येते, पण भरलेला कर दुकानदाराच्या अंगावर राहतो. अशा वेळी पत्र देण्याआधी कर सल्लागाराला विचारावं. थोडक्यात, व्याज हातात येईपर्यंत त्याची डेबिट नोट काढू नये.

आता ठेकेदाराची बाजू. ती पत्राच्या बोलण्यात उपयोगी पडते. त्यानं या बिलावरचं २५,२०० चं क्रेडिट घेतलं असेल, तर बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे द्यायला हवे होते. ते १८० दिवस १७ डिसेंबर २०२४ ला संपले. तोवर न दिलेल्या १,२०,००० च्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १८,३०५ रुपयांचं क्रेडिट त्यानं परत करणं अपेक्षित होतं, सरकारच्या व्याजासकट. दुकानदारानं आपलं व्याज सोडलं तरी सरकारचं सुटत नाही. मात्र पैसे दिल्यावर परत केलेलं क्रेडिट पुन्हा घेता येतं. म्हणजे ठेकेदार जसजसे हप्ते भरेल तसतसं त्याचं स्वतःचं अडकलेलं क्रेडिट मोकळं होईल. "व्याज सोडतोय" यापेक्षा हे वाक्य कधी कधी जास्त चालतं. दुकानदारानं तर ते २५,२०० माल दिल्याच्या पुढच्याच महिन्यात खिशातून भरले होते, ही आठवण करून द्यायलाही हरकत नाही. पत्रात नको, बोलताना.

वहीत काय करायचं

व्याज आधी उत्पन्न म्हणून खात्यात घेतलं नसेल तर सोडताना कोणतीही नोंद नको. पत्राची प्रत बिलासोबत लावली की झालं. ३१ मार्च २०२५ ला व्याज "येणे" म्हणून दाखवलं असेल, तर ते उत्पन्न त्या वर्षात धरलं गेलं आहे. आता सोडताना तेवढी रक्कम जर्नल नोंदीनं ग्राहकाच्या खात्यातून काढून "सोडलेले व्याज" या खर्चाच्या खात्याला टाकायची. ती नोंद पत्राच्या तारखेला नाही तर शेवटचा हप्ता आल्यावर करायची, कारण व्याज सुटतं तेव्हा. हप्ते मार्च ते मेमध्ये असल्यानं नोंद पुढच्या आर्थिक वर्षात पडेल, हे सीएला आधी सांगून ठेवा.

खरी गफलत होते ती पैसे जमा करताना. नेहमीचा ग्राहक म्हटला की तो मधल्या काळात नवा मालही घेणार. समजा ५ मार्चला त्यानं ४०,००० चं प्लंबिंगचं सामान नेलं आणि ९ मार्चला ४०,००० पाठवले. हा जुन्या बिलाचा पहिला हप्ता की नव्या मालाचे पैसे? ठेकेदार म्हणेल हप्ता, मुनीमजी नव्या बिलाला जमा करतील, आणि १७ मार्चला दुकानदाराला वाटेल हप्ता चुकला. करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ याच गोष्टीबद्दल आहेत. देणेकऱ्यानं कशापोटी देतोय ते सांगितलं, तर घेणाऱ्यानं तसंच जमा करायचं. त्यानं काही सांगितलं नाही, तर घेणारा ठरवू शकतो. कुणीच ठरवलं नाही तर जुन्या देण्यापासून पुढे, तारखेच्या क्रमानं वळते होतात. कोर्टापर्यंत जायची वेळ येऊ नये यासाठी साधा उपाय: बँकेतून पैसे पाठवताना शेऱ्यात "बिल ४१७ हप्ता १" असं लिहायला सांगा, आणि हप्ते चालू आहेत तोवर नवा माल रोखीनं द्या. सवलत दिलेल्या ग्राहकाला त्याच आठवड्यात नवी उधारी देणं म्हणजे एका हातानं सोडून दुसऱ्या हातानं पुन्हा अडकणं.

हप्ते बँकेतूनच घ्यावेत, याचं कारण ठेकेदाराच्या बाजूनंही आहे. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिले तर प्राप्तिकरात तो खर्च सहसा मान्य होत नाही. रोख घेतलेच तर पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा आणि पावतीवर बिल क्रमांक लिहा.

जुना चेक

बऱ्याच दुकानदारांच्या ड्रॉवरमध्ये ठेकेदारानं तारण म्हणून दिलेला एखादा चेक असतो, कधी कोरा, कधी पूर्ण बिलाचा आकडा घातलेला. पत्र देताना त्याचा विचार झाला नाही तर पुढे अंगाशी येतो. १,६५,२०० चा चेक आणि आज देणं १,२०,०००. हप्ता चुकल्याच्या रागात तो चेक बँकेत टाकला आणि परत आला, तर कलम १३८ ची केस टिकणं अवघड आहे. चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडलेली असेल आणि ती चेकवर नोंदवलेली नसेल, तर पूर्ण रकमेचा चेक हा त्या दिवशीचं कायदेशीर देणं दाखवत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्याजासकट १,५५,०१४ चा आकडा भरला तरी प्रश्न तसाच: व्याज तर अटीवर सोडलेलं. चांगला मार्ग म्हणजे जुना चेक परत द्यायचा, तसं पत्रात एका ओळीत लिहायचं, आणि ४०,००० चे तीन पुढच्या तारखांचे चेक घ्यायचे. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकावा लागतो.

शेवटचा हप्ता आला की दोन ओळींची पोच ग्राहकाला द्या: "बिल क्र. ४१७ पोटी मुद्दल पूर्ण मिळाले. दि. २० फेब्रुवारी २०२६ च्या पत्राप्रमाणे या बिलावरील व्याज सोडले आहे. या बिलापोटी काही येणे नाही." यात "आपल्याकडून काहीही येणे नाही" असं मोघम लिहू नये. नेहमीच्या ग्राहकाकडे तेव्हा दुसऱ्या एखाद्या बिलाची बाकी असतेच, आणि त्याच्या वसुलीच्या वेळी हीच चिठ्ठी समोर ठेवली जाते.